डायलिसिसवरच्या माणसाची गोष्ट लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपणावर लिहायचं तर इतके आजार आहेत. हे पान डायलिसिसबद्दलच का?

कारण काळाची मोडतोड या आजारात सगळ्यात स्पष्ट दिसते. कोकणात पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्याला लेप्टो होतो, तेव्हा गोष्टीला आपसूक आकार मिळतो. ताप चढतो, अंग मोडून येतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस या बाजूला येतो किंवा त्या बाजूला जातो. सुरुवात, कळस, उतार हे सगळं आजारच पुरवतो. किडनी कायमची निकामी झाली की हा सांगाडा उरत नाही. तिथे कळस नसतो, पुढची तारीख असते.

एक घोळ आधीच मिटवून टाकूया. लेप्टोतही किडनी बंद पडून डायलिसिस लागू शकतं, पण माणूस वाचला तर किडनी बहुधा पुन्हा सुरू होते आणि थोड्याच वेळांनंतर मशीन सुटतं. त्यामुळे ‘लेप्टो झाला आणि जन्माचं डायलिसिस लागलं’ असं कथानक रचलं, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. कायमच्या डायलिसिसमागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं अंगात मुरलेला मधुमेह किंवा रक्तदाब असतो. तो भाग गोष्टीआधीच्या काळात ठेवा. त्यात फारसं काही ‘घडत’ नाही, आणि तीच त्याची गंमत आहे.

आठवड्याचं गणित नेमकं कसं असतं?

बहुतेक केंद्रांत दोन गट असतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार. एका वेळी चार तास. बऱ्याच ठिकाणी रविवार बंद.

पहिल्या गटातला, सकाळी सात ते अकरा वेळ मिळालेला माणूस घ्या. सोमवारी अकराला सुटून तो बुधवारी सातला पुन्हा मशीनवर येतो, म्हणजे मध्ये ४४ तास. बुधवार ते शुक्रवार पुन्हा ४४. शुक्रवारी अकरा ते सोमवारी सात मात्र ६८ तास. या ६८ तासांत लघवीवाटे बाहेर न पडलेलं पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस अंगात साठत राहतं. या लांब खंडाच्या शेवटी मृत्यू आणि तातडीच्या भरत्या जास्त होतात, हे अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. जगाचा सुट्टीचा दिवस या घरात धोक्याचा असतो.

दिवसांची जातही ठरलेली असते. मशीनच्या दिवशी दुपारनंतर माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो आणि संध्याकाळपर्यंत झोपतो. दुसरा दिवस सगळ्यात बरा जातो. भूक लागते, पाय हलके वाटतात, बागेत फेरी होते. लांब खंडात मात्र रविवार दुपारपासून घोटे सुजायला लागतात, अंगाला खाज सुटते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि रात्री आडवं पडलं की धाप लागते. एका उशीच्या तीन उशा होतात. घरातल्या माणसाला ‘रविवारची रात्र’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

मग कादंबरीची मांडणी कशी करावी?

‘पहिला महिना, दुसरा महिना’ अशी प्रकरणं पाडू नका. महिना हे निरोग्यांचं माप आहे. ४४-४४-६८ हीच लय घ्या. दोन आखूड प्रकरणं, मग एक लांब, अस्वस्थ प्रकरण. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच वाचकाच्या अंगात ही लय भिनते, आणि नंतर तुम्ही ‘शुक्रवार’ एवढं लिहिलंत तरी तो सावध होतो.

काळाला पानांचं प्रमाण कसं द्यायचं याचा धडा टोमास मान यांच्या १९२४ सालच्या ‘द मॅजिक माउंटन’मध्ये मिळतो. नायक क्षयाच्या आरोग्यधामात तीन आठवड्यांसाठी भेटीला जातो आणि सात वर्षं राहतो. पूर्वायुष्य आणि पहिले तीन आठवडे यांवर सातांपैकी चार प्रकरणं खर्च होतात आणि उरलेली वर्षं तीन प्रकरणांत मावतात. नवा दिवस लांब असतो आणि सवयीचं वर्ष आखूड, ही आजारपणाची जाणीव तिथे पानांच्या मोजणीतच उतरली आहे. डायलिसिसच्या गोष्टीतही पहिल्या चार तासांना वीस पानं द्या. दोनशेव्या वेळेला एक ओळही जास्त होईल.

दोनशेवी वेळ केव्हा येते? आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६. सव्वा वर्षाच्या थोडं पुढे.

दर वेळी तेच घडतं. वाचक कंटाळणार नाही का?

कंटाळा हा इथला विषयच आहे, पण तो वाचकाला सोसायला लावायचा नाही, जाणवून द्यायचा. त्यासाठी मराठीत एक हत्यार तयार आहे आणि आजचे लेखक ते विसरत चालले आहेत. ते म्हणजे रीतिभूतकाळ. ‘तो पहाटे पाचला उठे, ती डबा देई, एसटी फाट्यावर थांबे.’ एका वाक्यात शंभर सकाळी मावतात. जुन्या वळणाचं वाटत असेल तर ‘उठायचा, द्यायची, थांबायची’ करा. काम तेच होतं, फक्त सूर बोलका होतो.

मग एका सकाळी क्रियापद बदला. ‘एसटी फाट्यावर थांबे. कंडक्टर ओळखीचं हसे. त्या दिवशी एसटी आली नाही.’ शेवटच्या वाक्यात साधा भूतकाळ आला आणि शंभर दिवसांतून एक दिवस वेगळा निघाला. ‘पण अचानक’, ‘आणि मग ते घडलं’ असल्या शब्दांची गरज राहत नाही. हा बदल एका प्रकरणात एकदाच करावा. दर परिच्छेदाला केला तर वाचकाला रीत कोणती आणि मोड कोणती हेच कळत नाही. नवख्या हस्तलिखितांत सर्वाधिक चूक इथेच होते. रोजचा दिनक्रम साध्या भूतकाळात लिहिलेला असतो आणि त्यामुळे प्रत्येक डबा ही घटना वाटू लागते.

त्या चार तासांत प्रत्यक्ष होतं काय?

आधी वजन. डॉक्टरांनी ‘ड्राय वेट’ ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. आज काटा त्याच्यावर जितके किलो, तितके लिटर पाणी काढायचं. मग रक्तदाब. मग फिस्टुलाच्या, म्हणजे धमनी शिरेला जोडलेल्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिली रक्त फिरतं. २५० धरलं तरी चार तासांत ६० लिटर होतात, म्हणजे अंगातलं सगळं रक्त दहा-बारा वेळा गाळून निघतं. गाळणीच्या दुसऱ्या बाजूने मिनिटाला ५०० मिली द्रव वाहतो, चार तासांत १२० लिटर. तहानेनं जीभ टाळूला चिकटलेल्या माणसाच्या उशाशी १२० लिटर पाणी वाहून गटारात जातं. यावर उपमा लावायचा मोह होईल. आकडा तेवढा लिहा आणि पुढे जा.

बाकी वेळ माणूस पडून असतो. थंडी वाजते म्हणून पांघरूण लागतं, अगदी मे महिन्यातसुद्धा. टीव्हीवर कुणाला तरी नको असलेली मालिका चालू असते. एक हात बांधल्यासारखा असल्याने वर्तमानपत्राचं पान उलटता येत नाही. किंचाळणं, तडफडणं रोज नसतं. जे होतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या तासाला. पाणी वेगाने काढलं की रक्तदाब उतरतो. आधी जांभया, मग घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. पोटरीत किंवा तळव्यात गोळा येतो. टेक्निशियन पायाकडची बाजू वर करतो, पाणी काढणं थांबवतो, थोडं सलाइन सोडतो. जांभई ही इथली पहिली सूचना असते, तेव्हा पात्राला उगाच जांभया देऊ नका.

एखादं सत्र लिहून दाखवाल का?

भाऊ हे कल्पित पात्र घेऊ. देवगड तालुक्यातलं खेडं, वय ५२, दुसऱ्याच्या हापूस बागेची राखण, डायलिसिस कणकवलीला. ड्राय वेट ५४ किलो. बुधवारी काटा ५६ दाखवतो. दोन लिटर काढायचे, तासाला अर्धा लिटर, सहज निभतं. सोमवारी काटा ५७.४. म्हणजे ३.४ लिटर, तासाला ८५० मिली, वजनाच्या किलोमागे तासाला जवळजवळ १६ मिली. साधारण १३ च्या पुढे हा वेग शरीराला जड जातो. म्हणजे तिसऱ्या तासाला गोळा येणार, हे काट्यावरच ठरलं. लेखकाला कथानक रचावं लागत नाही, रविवारी काय झालं एवढंच शोधावं लागतं.

बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो : ‘यंत्राच्या कर्कश आवाजात भाऊ असह्य वेदनांशी झुंजत होते. आयुष्य त्यांच्याशी क्रूर खेळ खेळत होतं.’ यात एकही गोष्ट दिसत नाही. तोच प्रसंग असा लिहिता येईल :

‘काटा ५७.४ वर थांबला. टेक्निशियनने आकडा दोनदा वाचला.
“काल जेवण झालं वाटतं, भाऊ.”
“लग्न होतं.”
लग्न नव्हतं. सुकट भाजलं होतं आणि त्यावर दोन वाट्या सोलकढी, मग तांब्या कधी रिकामा झाला ते कळलं नव्हतं.
“चार तासांत एवढं नाही काढता येणार. तीन काढू, उरलेलं बुधवारी.”
भाऊंनी मान हलवली. अर्धा लिटर खोटं अंगातच राहिलं.’

आकड्याचा हिशोब शेवटी जुळत नाही हे लक्षात आलं का? ३.४ मधून ३ गेले, राहिले ४०० मिली. भाऊ मनात वर पूर्णांक करतात. ही चूक पात्राची म्हणून ठेवता येते. लेखकाची म्हणून राहिली, तर फायलीत डोकं घालणारा वाचक पत्र पाठवतो.

सुकट आधी आणि पाणी नंतर, हा क्रमही मुद्दाम आहे. पाणी अंगात साठवण्याचं मूळ मिठात असतं. खारट खाल्लं की तहान आवरत नाही. ‘त्याने पाण्याचा मोह टाळला नाही’ असं लिहिणारा लेखक माणसाला दोष देतो. मीठ दाखवणारा लेखक कारण दाखवतो.

फिस्टुलाबद्दल काय माहीत असावं?

मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी शिरेला जोडतात. बहुधा डाव्या हाताला, माणूस डावखुरा नसेल तर. ती शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला सहा आठवडे तरी लागतात, कधी दोन-तीन महिने. म्हणून अचानक डायलिसिस लागलेल्याला पहिल्या दिवशी फिस्टुला नसतो, मानेत कॅथेटर असतो. त्या हातावर रक्तदाब मोजत नाहीत, सुई टोचून रक्त घेत नाहीत, ओझं उचलत नाहीत. नारळाची पेंड खांद्यावर घेणाऱ्याला हा हात दाखवायला पुरेसा आहे.

बोट ठेवलं की त्यात सतत घरघर जाणवते आणि कान लावला की ऐकू येते. रोज ती तपासायला सांगतात. घरघर थांबली म्हणजे रक्ताची गाठ झाली, तातडीने निघायचं. रात्री बायको नवऱ्याच्या मनगटावर कान ठेवते, हे दृश्य लिहायला सुंदर आहे आणि खरंही. एका कादंबरीत ते दोनदाच यावं. दुसऱ्यांदा आवाज नसावा.

निवेदकाचा आवाज आजाराप्रमाणे बदलावा का?

हो, पण दिवसाप्रमाणे. मी-निवेदन असेल तर मशीननंतरच्या दुपारी वाक्यं तुटक ठेवा, मधले दुवे गाळा, एखादं संभाषण अर्धंच आठवू द्या. दुसऱ्या दिवशी तोच माणूस गप्पिष्ट होतो. त्याला शेजारच्याच्या बांधावरून भांडू द्या, फणसाचे भाव सांगू द्या, आजाराचं नावही काढू देऊ नका. रविवारी रात्री तो चिडका, संशयी, एकाच विचाराभोवती फिरणारा होतो. वाचकाला वार न सांगता कळला पाहिजे. जमलं की नाही हे तपासायला प्रत्येक प्रकरणातला एक परिच्छेद, वाराचं नाव काढून, दुसऱ्याला वाचायला द्या.

बोलीचा वापर तहानेच्या जागी करावा. एरवी प्रमाण मराठीत सांगणारा माणूस मालवणीत ‘माका तान लागली’ म्हणतो, तेव्हा त्याचं वय पन्नासवरून पाचावर येतं. संपूर्ण निवेदन बोलीत असेल तर मात्र हा परिणाम साधत नाही, दुसरा काही शोधा.

वैद्यकीय शब्द केंद्रात जसे बोलले जातात तसेच ठेवा : मशीनवर घेतलं, पाणी काढलं, फिस्टुला, क्रियाटिनिन. ‘रक्तशुद्धीकरण’ हा शब्द कुणी बोलत नाही.

घरच्या माणसाच्या नजरेतून सांगितलं तर?

आमच्या मते बऱ्याचदा ते जास्त चांगलं होतं, कारण मोजमाप बहुधा बायकोच करते. पुष्कळ रुग्णांना दिवसाच्या लघवीइतकं अधिक अर्धा ते पाऊण लिटर एवढंच पाणी सांगितलेलं असतं आणि त्यात चहा, आमटी, औषधाचा घोट सगळं धरायचं असतं. कोकणातल्या घरात त्यात पेज येते. आजारी माणसाला पेज द्यायची ही पिढ्यांची रीत, आणि पेज म्हणजे पाणीच. सासू पेज करते, सून ती ओतते, दोघी मायेनेच वागतात. एवढ्यावर प्रकरण उभं राहतं.

तिचा काळही वेगळा असतो. त्याचा दिवस मशीनपासून सुरू होतो, तिचा आदल्या रात्रीच्या बाटलीपासून. खुणा केलेली एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवतात आणि दिवसभरात जे प्यायलं ते तिच्यातून कमी करतात. बाटलीतली पातळी हे तिचं घड्याळ.

कोकण दाखवायचं म्हणजे नारळ, पाऊस, गणपती हेच ना?

हेच, पण उलट्या बाजूने. एका शहाळ्यात साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकतं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच हजाराच्या आत राहायला सांगतात. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अनेकदा आधी काहीही जाणवत नाही. म्हणजे पाहुण्याने प्रेमाने आणलेलं शहाळं या घरात संकट आहे. हापूस त्यापेक्षा सौम्य, म्हणून एप्रिलमध्ये ‘एक फोड’ यावर वाटाघाटी होतात. ताटातली फोड मोजणारा राखणदार ही एक अख्खी कथा आहे. कमरख मात्र पूर्ण वर्ज्य. किडनी निकामी असलेल्याला त्यातलं विष चढतं, उचकी लागते, भ्रम होतो आणि मृत्यूही येऊ शकतो.

पावसात एसटी रद्द होणं आणि दरड पडणं हे दृश्य म्हणून नव्हे, तासांत मोजा. सणाचंही तसंच. चतुर्थी सोमवारी आली, केंद्र बंद राहिलं आणि पाळी मंगळवारवर गेली, तर ६८ चे ९२ तास होतात. समोर मोदक, आरत्यांनी कोरडा पडलेला घसा, घर भरलेलं आणि कुणालाही हिशोब माहीत नाही. दीड दिवसाचा गणपती मंगळवारी विसर्जनाला निघतो तेव्हा भाऊ सकाळच्या मशीनवरून येऊन झोपलेले असतात. विसर्जन ढोलांच्या आवाजातूनच लिहावं लागेल.

शेवट कुठे करायचा? किडनी मिळाली असं दाखवावं का?

समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजाराच्या कथनांचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस पुन्हा बरा होतो. दुसऱ्यात गोंधळच गोंधळ असतो आणि गोष्ट पुढे सरकत नाही. तिसऱ्यात आजार हा शोध ठरतो. ऐकणाऱ्यांना पहिला प्रकार हवा असतो, म्हणून लेखक शेवटी किडनी आणून देतात. प्रत्यारोपणानंतरही रोजच्या गोळ्या आणि तपासण्या असतात, म्हणजे तीही नव्या घड्याळाची सुरुवातच. ती लिहायची तर दुसरं पुस्तक लिहा.

डायलिसिस थांबवण्याचा निर्णय हा आणखी एक खरा शेवट आहे. लघवी जवळपास होत नसलेला माणूस त्यानंतर बहुधा आठवडा-दोन आठवडे जगतो. तिथे तासांची मोजणी आपोआप संपते, आणि वाक्यांतले वारही काढून टाकता येतात. हा निर्णय घरात कसा बोलला गेला, कोण बोललं आणि कोण अंगणात निघून गेलं, यावर तो भाग तोलला जातो.

घरातल्याच माणसावर आत्मकथन लिहितोय. तारखा आठवत नाहीत.

केंद्राच्या फायलीत किंवा नोंदवहीत प्रत्येक सत्राचं आधीचं आणि नंतरचं वजन, रक्तदाब, काढलेलं पाणी लिहिलेलं असतं. एका कागदावर तीन रकाने करा : तारीख, आल्यावरचं वजन, त्या दिवशी घरात काय होतं. तिसरा रकाना घरच्यांना विचारून भरा. वजन एकदम चढलेल्या सोमवारांवर खूण करा. त्यांतल्या निम्म्यांच्या आदल्या रविवारी तरी काही ना काही सांगण्यासारखं सापडेल. शेजारच्या खाटेवरच्यांची नावं, गाव, व्यवसाय बदला. ते तुमच्या पुस्तकासाठी तिथे आले नव्हते.

नावात ‘झुंज’ शब्द घालू का?

नको. केंद्रात कुणी झुंज म्हणत नाही. ‘आज किती काढायचं?’ असं विचारतात.